टीव्ही लागत नाही, लाल दिवा पाच वेळा लुकलुकतो आणि थांबतो

मावशीचा फोन आला. म्हणाली, "अरे, टीव्ही लागतच नाहीये. मेलाय म्हणावं तर खालचा दिवा लुकलुकतोय." किती वेळा लुकलुकतो, असं विचारलं तर उत्तर आलं, "सारखाच."

या 'सारखाच'वर माझा विश्वास नसतो. टीव्ही दुरुस्तीत इतकी वर्षं काढल्यावर एक सवय लागली आहे. फोनवरचं वर्णन ऐकायचं, पण निदान करायचं नाही. मी तिला सांगितलं, "मोबाइल टीव्हीसमोर धर, व्हिडिओ सुरू कर, मग बटण दाब. अर्धा मिनिट तसाच धरून ठेव. खोलीतला लाइट बंद कर."

व्हिडिओ आला. बटण दाबलं, लाल दिवा विझला. साधारण तीन सेकंद काहीच नाही. मग पडद्यावर क्षणभर फिकट उजेड आला आणि गेला. त्यानंतर लाल दिवा पाच वेळा लुकलुकला, तीनेक सेकंद थांबला, पुन्हा पाच वेळा लुकलुकला. व्हिडिओ संपेपर्यंत हेच चक्र चालू होतं.

बहुतेक जण यातला फक्त 'पाच' लक्षात ठेवतात आणि त्याचा अर्थ शोधायला लागतात. मला मात्र त्या तीन सेकंदांनी आणि फिकट उजेडाने जास्त सांगितलं. लुकलुकणं म्हणजे टीव्हीने "इथपर्यंत आलो, पुढे जाता येईना" असं सांगणं असतं. तो कुठपर्यंत आला होता हे आकड्यावरून कळतं, तसंच बटण दाबल्यापासून दिवा लुकलुकायला लागेपर्यंतच्या वेळेवरूनही कळतं. दोन्ही जुळले तर निदान पक्कं होत जातं. जुळले नाहीत तर आकड्यावर पैसे खर्च करू नका.

आधी हा बिघाडच आहे ना, ते बघा

काही वेळा दिवा लुकलुकतो आणि टीव्हीला काहीच झालेलं नसतं. रिमोटचं बटण दाबलं की सिग्नल मिळाल्याची पोच म्हणून बऱ्याच सेटचा दिवा एकदा लुकलुकतो. रिमोटचं एखादं बटण आत अडकून बसलं, किंवा त्यात चहा-पाणी सांडून ते दाबलेलंच राहिलं, तर रिमोट सतत सिग्नल पाठवत राहतो आणि दिवा सतत लुकलुकतो. अशा वेळी टीव्ही दुसरं कुठलंच बटण मनावर घेत नाही. रिमोटचे सेल काढून ठेवा आणि टीव्हीच्या अंगावरच्या बटणाने चालू करून बघा. माझ्याकडे 'बोर्ड गेलाय' म्हणून आलेला एक सेट सेल काढल्याबरोबर चालू झाला होता.

दुसरी गोष्ट स्मार्ट टीव्हीची. वीज जाऊन आल्यावर किंवा सॉफ्टवेअर अपडेटनंतर सुरू होताना काही सेट बराच वेळ दिवा मिचकावतात, ते त्यांचं नेहमीचं काम असतं. अपडेट चालू असताना घाबरून प्लग काढलात, तर मात्र खरोखरचा बिघाड ओढवून घ्याल. पडद्यावर प्रगतीची रेघ दिसत असेल किंवा अपडेट चालू असल्याची सूचना असेल, तर थांबा.

बिघाडाचं लुकलुकणं ओळखता येतं, कारण त्याला ठेका असतो. ठरावीक वेळा लुकलुकणं, मग स्पष्ट विराम, मग पुन्हा तितक्याच वेळा. विराम नसेल आणि दिवा एकसारखा उघडझाप करत असेल, तर तो बहुधा सांकेतिक आकडा नसतो. तो सेट सुरू होण्याचा प्रयत्न करून मागे पडतोय, पुन्हा प्रयत्न करतोय, असं समजा.

मोजताना डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. व्हिडिओ काढा आणि तीन-चार चक्रं मोजा. पहिलं चक्र अर्धवट पकडलं जातं, म्हणून ते सोडून द्या. दिव्याचा रंग, आणि एखादं लुकलुकणं लांब व एखादं आखूड आहे का, तेही बघून ठेवा. काही कंपन्या दोन रंगांत किंवा लांब-आखूड मिश्रणात संकेत देतात आणि तिथे नुसता आकडा मोजला तर अर्थ चुकतो.

बटण दाबल्यावर आत काय घडतं

हे एकदा समजलं की बाकीचं सोपं जातं.

टीव्ही प्लगला जोडलेला असताना त्याचा पॉवर बोर्ड एक छोटा पुरवठा कायम चालू ठेवतो. त्याला स्टँडबाय व्होल्टेज म्हणतात. बऱ्याच सेटमध्ये ते 5 व्होल्ट असतं, काहींमध्ये 3.3. लाल दिवा आणि रिमोटचा सिग्नल ऐकणारा छोटा कंट्रोलर यावरच जगतात. म्हणजे दिवा लागतोय, लुकलुकतोय, याचा अर्थ प्लग, वायर, फ्यूज आणि स्टँडबाय पुरवठा ठीक आहे. 'फ्यूज उडाला असेल' हा शेजारच्या माणसाचा अंदाज इथेच बाद होतो.

बटण दाबलं की कंट्रोलर पॉवर बोर्डाला 'मुख्य पुरवठा चालू कर' असा इशारा देतो. मग 12 व्होल्ट येतात, काही सेटमध्ये 24 व्होल्टही. ते आले की मेन बोर्डावरचा प्रोसेसर आपल्या मेमरीतून सॉफ्टवेअर उचलायला लागतो. पुढे टी-कॉनला, म्हणजे पॅनेलला चित्र कसं काढायचं ते सांगणाऱ्या बोर्डाला, वीज मिळते. सगळ्यात शेवटी बॅकलाइट चालू करण्याचा इशारा जातो. एलसीडी पॅनेलला स्वतःचा उजेड नसतो. मागे एलईडींच्या पट्ट्या असतात, त्यांचा उजेड पॅनेलमधून गाळून आपण चित्र म्हणून बघतो.

प्रत्येक पायरीवर कंट्रोलर खात्री करतो: 12 व्होल्ट आले का, प्रोसेसरने उत्तर दिलं का, बॅकलाइटला वीज पुरवणाऱ्या सर्किटने, म्हणजे ड्रायव्हरने, 'सगळं ठीक' कळवलं का. एखादं उत्तर आलं नाही किंवा चुकीचं आलं, की तो मुख्य पुरवठा बंद करतो आणि दिव्यातून सांगायला लागतो. म्हणून वेळ महत्त्वाची.

बटण दाबल्यावर एखाद्या सेकंदातच, पडद्यावर काहीही न येता दिवा लुकलुकायला लागला, तर गोष्ट पहिल्या पायरीवर अडली आहे. 12 व्होल्ट आलेच नाहीत, किंवा आले आणि पुढच्या एखाद्या शॉर्टमुळे कोसळले. काही सेकंद गेले, पडदा उजळला आणि विझला, तर संशय बॅकलाइटवर. कंपनीचा लोगो दिसतो, काही वेळ टिकतो, सेट बंद होऊन पुन्हा लोगोवर येतो, तर वीज आणि बॅकलाइट दोन्ही ठीक आहेत आणि गडबड मेन बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा मेमरीत आहे. अर्धा-एक तास नीट चालून मग बंद पडून लुकलुकला, तर उष्णतेचा विचार करा.

आकड्याचा अर्थ कुठून घ्यायचा

लुकलुकण्याच्या आकड्यांचा सगळ्या कंपन्यांना लागू पडणारा असा कोष नाही. सोनीच्या ब्राव्हिया मालिकेतल्या अनेक मॉडेलांत दोन आणि तीन हे आकडे वीजपुरवठ्याकडे बोट दाखवतात, पाच पॅनेल आणि टी-कॉनच्या बाजूला, सहा बॅकलाइटला आणि सात तापमानाला. मावशीचा सेट दुसऱ्या कंपनीचा. त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाचाचा अर्थ बॅकलाइटचा दोष असा होता. पाच वाचून कोणी ब्राव्हियाचा तक्ता लावला असता तर टी-कॉन बोर्ड विकत घेतला असता आणि तो बसवून पुन्हा पाचच मोजले असते.

म्हणून टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरून पूर्ण मॉडेल क्रमांक उतरवून घ्या, शेवटच्या अक्षरांसकट. नुसत्या इंचांवर आणि कंपनीच्या नावावर शोधू नका. एकाच नावाखाली वेगवेगळ्या वर्षांत वेगळे बोर्ड येतात आणि तक्ताही बदलतो. वापरकर्त्याच्या पुस्तिकेत बहुतेक वेळा 'दिवा लुकलुकल्यास सेवा केंद्राशी संपर्क साधा' एवढंच असतं. खरा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो.

आणि तक्ता हातात असला तरी एक मर्यादा आहे. आकडा 'दुखतंय कुठे' ते सांगतो, 'का' ते नाही. 'बॅकलाइट' या एका आकड्याखाली जळलेला एलईडी, सैल झालेला कनेक्टर, मेलेला ड्रायव्हर आणि इशाराच न पाठवणारा मेन बोर्ड हे चौघेही बसतात.

काही न उघडता करण्यासारखं

रीसेट करून बघा, पण नीट करा. रिमोटने बंद-चालू करणं म्हणजे रीसेट नव्हे. बऱ्याच सेटमधला कंट्रोलर दोष एकदा नोंदला की स्टँडबाय वीज असेपर्यंत धरून बसतो. तो विसरायला हवा असेल तर स्टँडबाय वीजच गेली पाहिजे. भिंतीतला प्लग काढा. टीव्हीच्या मागच्या सगळ्या केबल काढा: एचडीएमआय, यूएसबी, अँटेना, साउंडबार, सगळ्याच. मग टीव्हीवरचं पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे आत साठलेली उरलीसुरली वीज उतरायला मदत होते. दहा मिनिटं तसंच ठेवा. नंतर एक्स्टेंशन बोर्ड किंवा स्टॅबिलायझर मध्ये न घेता थेट भिंतीच्या सॉकेटला लावा आणि कुठलीही केबल न जोडता चालू करा.

केबल काढण्याला कारण आहे. यूएसबी पोर्टला लावलेली शॉर्ट झालेली पेनड्राइव्ह किंवा बिघडलेलं जोडउपकरण पुरवठ्यावर एवढा भार टाकू शकतं की सेट सुरूच होत नाही. सेट चालू झाला तर एकेक केबल परत लावत जा. ज्या केबलवर पुन्हा लुकलुकायला लागेल, ती दोषी.

रीसेटनंतर टीव्ही चालू झाला आणि आठवडाभराने पुन्हा तेच झालं, तर ते दुखणं बरं झालेलं नाही. विशेषतः आधी दहा मिनिटं लुकलुकून मग स्वतःच चालू होतो, दिवसेंदिवस त्याला जास्त वेळ लागतो, आणि एकदा लागला की दिवसभर छान चालतो, अशी कहाणी असेल तर ती पॉवर बोर्डावरच्या थकलेल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरची असते. थंड असताना असा कपॅसिटर पुरवठा स्थिर ठेवू शकत नाही, 12 व्होल्टची पातळी डळमळते आणि कंट्रोलर माघार घेतो. आत थोडी ऊब आली की तोच कपॅसिटर कसाबसा काम करायला लागतो. असा कपॅसिटर वरून फुगलेला दिसतो, नेहमी नाही पण बऱ्याचदा. बदलताना क्षमता तीच, व्होल्टेज तेच किंवा थोडं जास्त, आणि 105 अंश तापमानाचा, कमी अंतर्गत रोधाचा घ्यायचा. साध्या 85 अंशाच्या कपॅसिटरने काही महिने ढकलता येतात, एवढंच.

मावशीच्या सेटची कहाणी अशी नव्हती. तो आदल्या रात्रीपर्यंत नीट लागत होता. रीसेटनंतरही पाचच.

टॉर्च हातात घेऊन

मी तिच्याकडे गेल्यावर मागचं झाकण उघडण्याआधी खोलीत अंधार केला. मोबाइलचा टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरपा धरला आणि बटण दाबलं. तीन सेकंदांनी पडदा उजळला आणि विझला. विझल्यानंतरचे दीड-दोन सेकंदच कामाचे होते. टॉर्चच्या झोतात अगदी फिकट, धुक्यातून दिसावा तसा कंपनीचा लोगो दिसला. मग सेट बंद झाला आणि पाचाचा ठेका सुरू झाला.

ही टॉर्चची तपासणी फुकटची आहे आणि बरंच सांगून जाते. लोगो दिसला याचा अर्थ प्रोसेसर चालू होता, टी-कॉन चालू होता, पॅनेल चित्र काढत होतं, फक्त मागचा उजेड गेला होता. हे सगळं न उघडता कळलं. तुमच्या सेटमध्ये पहिल्या झटक्यात काही दिसलं नाही तर निराश होऊ नका. टॉर्चची जागा बदलून तीन-चार वेळा करा, कारण लोगो पडद्याच्या मध्यावर असतो आणि टॉर्च कोपऱ्यात धरला तर दिसत नाही. सेट तग धरून असेल तर आवाजही ऐकू येतो. आवाज आहे आणि पडदा काळा, ही बॅकलाइट गेल्याची जुनी ओळख.

उघडल्यावर

इथून पुढचं वाचा, पण ज्यांनी आधी असं काम केलेलं नाही त्यांनी करू नका. प्लग काढल्यावरही पॉवर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून जास्त वीज काही काळ टिकू शकते. बॅकलाइटच्या वायरवरही शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त डीसी व्होल्ट असू शकतात. दोन्ही ठिकाणी बसणारा झटका गमतीचा नसतो.

मल्टिमीटरने आधी स्टँडबाय बघितलं: 5.1. ठीक. मग बटण दाबून 12 व्होल्टच्या पिनवर बघितलं: 12.2 आले आणि सेट बंद होईपर्यंत हलले नाहीत. म्हणजे मुख्य पुरवठा निर्दोष. माझ्याआधी येऊन गेलेल्या एका दुरुस्तीवाल्याने हा आकडा न बघताच मावशीला पॉवर बोर्ड बदलायला सांगितलं होतं. तो बदलून काहीच झालं नसतं.

आता बॅकलाइटची वायर. या सेटमध्ये तीन पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर आठ एलईडी, आणि सगळे चोवीस एकामागून एक, एकाच साखळीत. प्रत्येक एलईडी साधारण 3 व्होल्टचा, म्हणून साखळीला सुमारे 72 व्होल्ट लागायला हवेत. ड्रायव्हर व्होल्टेज ठरवत नाही, तो करंट ठरवतो. ठरलेला करंट साखळीतून जाईपर्यंत तो व्होल्टेज वाढवत नेतो. साखळी मध्येच तुटली तर करंट जातच नाही. ड्रायव्हर बिचारा व्होल्टेज वाढवत राहतो आणि एका मर्यादेनंतर स्वतःला वाचवायला बंद होतो. कंट्रोलरला जाणारं 'दोष' हे उत्तर तिथून निघतं.

मीटरचे आकडे इतक्या भराभर बदलतात की डोळ्याला पकडता येत नाहीत. म्हणून मीटर कमाल आकडा धरून ठेवण्याच्या सोयीवर लावला. आधी क्षणभर सत्तरच्या घरातला आकडा दिसला, मग कमाल 98 वर थांबला आणि सगळं शून्याकडे आलं. ही जोडी बोलकी होती. आधी सत्तर म्हणजे साखळी सुरुवातीला पूर्ण होती, पडदा उजळला तो त्यामुळेच. नंतर 98 म्हणजे ती मध्येच तुटली. व्होल्टेज आलंच नसतं तर संशय ड्रायव्हरवर किंवा मेन बोर्डाच्या इशाऱ्यावर गेला असता. इथे ड्रायव्हर आपलं काम चोख करत होता.

मग पॅनेल काढावं लागलं, आणि धोका खरा इथे आहे. काच सांगाड्यापासून सुटी करायला दोन माणसं लागतात. काच वाकवायची नाही, एका कोपऱ्यातून उचलायची नाही, आणि कडेला चिकटलेल्या पातळ फिल्मच्या पट्ट्यांना ओढ बसू द्यायची नाही. त्यातली एक जरी फाटली तर पडद्यावर कायमची उभी रेघ येते आणि तिला इलाज नाही. एलईडीची पट्टी बदलायला गेलेला माणूस पॅनेल मोडून परत येतो, हे मी बघितलंय. एकदा माझ्याच हातून झालंय. काचेखालच्या पांढऱ्या पातळ शीट कुठल्या क्रमाने आणि कुठल्या बाजूने होत्या, त्याचा फोटो आधी काढा. उलटी लावलेली शीट सगळं जोडून झाल्यावर पडद्यावर डाग म्हणून दिसते.

पट्ट्या उघड्या पडल्यावर बॅकलाइट टेस्टर लावला. हा टेस्टर थोडासा करंट देऊन एलईडी लावून दाखवतो. आणि तिन्ही पट्ट्या लागल्या! चोवीसच्या चोवीस एलईडी उजळ.

इथे बरेच जण फसतात. 'पट्ट्या चांगल्या आहेत' असं ठरवून ड्रायव्हर किंवा मेन बोर्डाच्या मागे लागतात. पण मीटरने आधीच सांगितलं होतं की साखळी सुरुवातीला पूर्ण असते आणि मग तुटते. टेस्टरचा करंट सेटच्या करंटपेक्षा कितीतरी कमी असतो, त्याने एलईडी तापतच नाही. एलईडीच्या आतली केसासारखी जोडणारी तार अर्धवट सुटली असेल तर ती थंड असताना टेकलेली राहते, तापून प्रसरण झालं की सुटते. पडदा क्षणभर उजळत होता आणि लगेच विझत होता, ते यामुळे.

टेस्टर लावलेलाच ठेवून मी लाकडी काडीने एकेका एलईडीवर हलकेच दाबत गेलो. मधल्या पट्टीवरच्या सहाव्या एलईडीवर काडी टेकली आणि चोवीसच्या चोवीस विझले. काडी उचलली, पुन्हा लागले. भिंग लावून बघितलं तर त्याच्या पिवळ्या ठिपक्यात मधोमध तपकिरी डाग होता. बाकीच्यांत तसा डाग नव्हता, पण दोन-तीन ठिपके थोडे काळसर पडलेले दिसले.

एक बदलायचा की सगळे

तो एकटा एलईडी काढून नवा बसवता येतो. मी तसं करत नाही. सगळे चोवीस एकाच वयाचे, एकाच उष्णतेत तितकेच तास जळलेले. एक गेला म्हणजे बाकीचे रांगेत उभे आहेत, आणि पॅनेल पुन्हा उघडणं ही पट्टीच्या किमतीपेक्षा फार मोठी जोखीम आहे. म्हणून तिन्ही पट्ट्यांचा संच नवा आणला.

पट्टी घेताना तिच्यावर छापलेला क्रमांक जुळवा. नुसती लांबी आणि एलईडींची संख्या जुळून उपयोग नाही. दिसायला अगदी सारख्या पट्ट्या 3 व्होल्टच्या एलईडींच्या असतात आणि 6 व्होल्टच्याही. इथे चुकून 6 व्होल्टच्या बसवल्या असत्या तर साखळीला 144 व्होल्ट लागले असते. ड्रायव्हर 98च्या आसपास हात टेकतो, म्हणजे पट्ट्या लागल्याच नसत्या आणि दिवा पुन्हा पाच वेळा लुकलुकला असता. नवी पट्टी लावूनही तोच आकडा आला तर आधी हे तपासा, मग पट्ट्यांमधले कनेक्टर पूर्ण बसलेत का ते बघा. प्रत्येक एलईडीवर छोटं भिंग चिकटवलेलं असतं. ते निघून इकडेतिकडे पडलेलं असेल तर सेट लागतो, पण पडद्यावर त्या जागी पांढरा ठिपका चमकतो.

शीट परत लावण्याआधी, काच बाजूला असतानाच, पट्ट्या टेस्टरवर पंधरा मिनिटं लावून ठेवल्या आणि काडीने सगळे एलईडी पुन्हा दाबून बघितले. मग सगळं जोडलं, प्लग लावला, बटण दाबलं. तीन सेकंद, उजेड, लोगो, आणि उजेड टिकला.

मावशी म्हणाली, "आधीपेक्षा उजळ दिसतंय रे." दिसणारच, पट्ट्या नव्या होत्या. शिवाय ब्राइटनेस आणि बॅकलाइट दोन्ही 100 वर होते, बहुधा घेतल्यापासून कोणी हात लावला नसेल. मी बॅकलाइट 60 वर आणला. एलईडीचा करंट कमी होतो, तेवढी उष्णता कमी होते, आणि पट्टी मरते ती उष्णतेनेच. दिवसा थोडं मंद वाटलं तर 70 करायला सांगितलं, पण त्याच्या वर नको.

पाच वेळा लुकलुकल्याचा तो पहिला व्हिडिओ मी तिच्या मोबाइलवर तसाच ठेवायला सांगितला आहे, आणि मागच्या स्टिकरचा फोटोही. पुन्हा कधी लुकलुकला तर नवा व्हिडिओ काढून दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील. उजेड येण्याआधीच बंद पडला, किंवा आकडा बदलला, तर दुखणं वेगळं आहे आणि पट्ट्यांना हात लावायचं काम नाही.